आठवणीची गोळी आणि रक्ताची गोळी

शेतातून घरी आलेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ लावून बसलेल्या, सगळ्यांनाच नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली आणि एक बाई मागे थांबली. म्हणाली, "माझ्या सासूबाईंबद्दल तुमच्या कार्यक्रमात सांगा. नाव नका घेऊ, पण झालं काय ते सांगा. आमच्यासारखी चूक दुसऱ्या घरी व्हायला नको." तिच्या सांगण्यावरूनच आजचं हे बोलणं.

तिच्या सासूबाई ७२ वर्षांच्या. ती त्यांना आत्या म्हणते, म्हणून आपणही आत्याच म्हणू. आत्यांना तीन वर्षांपूर्वी छातीत दुखून आलं होतं. शहरात नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, म्हणजे ज्याला स्टेंट म्हणतात ती. तेव्हापासून त्यांना रोज जेवणानंतर अ‍ॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची एक गोळी असते. घरात तिला 'रक्ताची गोळी' म्हणतात. शिवाय साखरेची गोळी आहे, बीपीची आहे.

गेल्या वर्षापासून आत्यांचं विसरणं वाढलं. भाजीत मीठ दोनदा पडायचं. दूध गॅसवर ठेवून त्या ओट्यावर जाऊन बसायच्या. एकदा डेअरीवर दूध घालून आल्या आणि तासाभरानं परत किटली शोधायला लागल्या. घरच्यांना काळजी वाटणारच. पुण्याला असलेला धाकटा मुलगा सणाला आला, तो एक डबी घेऊन आला. डबीवर हिरव्या पंख्यासारख्या पानाचं चित्र. "आई, ही आठवणीची गोळी आहे. झाडपाल्याची आहे, काही अपाय नाही. सकाळी एक, रात्री एक घे," असं सांगून तो गेला.

तीनएक आठवड्यांनी आत्यांच्या हातावर निळे-जांभळे डाग दिसायला लागले. कुठं आपटलं म्हणावं तर आठवत नाही. दात घासताना थुंकीत रक्त यायचं. मग एका दुपारी घोळणा फुटला आणि अर्धा तास रक्त थांबेना. घरात सगळे घाबरले. थोरला मुलगा म्हणाला, "रक्त पातळ करणारी गोळी आहे ना, तिचंच हे काम. बंद करा ती."

मैत्रिणींनो, चूक झाली असती ती इथं. ती कशी, हे कळायला आधी त्या हिरव्या पानाची ओळख करून घेऊ.

त्या झाडाचं नाव गिंको बायलोबा. ते मूळचं चीनमधलं. फार जुन्या जातीचं झाड, त्याचं पान अगदी हातपंख्यासारखं दिसतं आणि पानगळीच्या दिवसांत पिवळंधमक होतं. आपल्याकडच्या वडा-पिंपळासारखं ते गावोगाव नसतं. त्याची वाळलेली पानं कारखान्यात नेतात, त्यांचा अर्क काढतात आणि तो गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये भरतात. आपल्याकडे तो कधी एकटा मिळतो, कधी ब्राह्मी, जिनसेंग, जीवनसत्त्वं यांच्याबरोबर एकाच गोळीत घातलेला असतो. त्यामुळे डबीच्या पुढच्या बाजूला 'स्मरणशक्तीसाठी' एवढंच लिहिलेलं असलं, तरी मागच्या बारीक अक्षरात गिंको असू शकतो. शाळेत जाणाऱ्या नातीला डबी द्या आणि जी-आय-एन-के-जी-ओ ही अक्षरं शोधायला सांगा.

आता पहिला प्रश्न. या पानानं म्हाताऱ्या माणसांचं विसरणं थांबतं का?

याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. ७५ वर्षं आणि त्याहून मोठी अशी ३०६९ माणसं घेतली. साधारण निम्म्यांना गिंकोची १२० मिलिग्रॅमची गोळी रोज दोनदा दिली. उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला कोणती मिळाली हे ना त्या माणसांना माहीत, ना त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना. अशी सरासरी सहा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली आणि २००८ साली निकाल छापला. गिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना डिमेन्शिया झाला, म्हणजे रोजचं कामकाज बिघडवणारा विसराळूपणाचा आजार. नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना झाला. गिंकोनं आजार अडवला असता, तर त्या बाजूचा आकडा खाली यायला हवा होता. तो आला नाही. २०१२ साली फ्रान्समधल्या अशाच मोठ्या परीक्षेचा निकाल आला. तिथं ७० च्या पुढची, आधीच 'विसरायला होतंय' अशी तक्रार असलेली माणसं होती. पाच वर्षांनंतर तिथंही गिंकोनं अल्झायमरचा आजार टळला असं दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांना डिमेन्शिया झाल्याचं डॉक्टरांनी आधीच ठरवलंय, अशा लोकांवरच्या काही अभ्यासांत ठरावीक दर्जाच्या गिंकोच्या अर्कानं थोडा फरक दिसला, काहींत दिसला नाही. म्हणून काही देशांतले डॉक्टर ते औषध म्हणून लिहून देतात. पण ती तपासणीनंतरची, डॉक्टरांच्या हातातली गोष्ट झाली. दूध उतू जातंय म्हणून दुकानातून डबी आणावी, हे त्या अभ्यासांतून निघत नाही.

आता दुसरा प्रश्न, रक्ताचा. डेंगीच्या साथीनं प्लेटलेट हा शब्द आपल्या घराघरांत पोचवलाय. आपल्याला कुठं कापलं, की रक्तातल्या या बारीक प्लेटलेट त्या जागी धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. बंधाऱ्याला भगदाड पडलं की आपण मातीची पोती टाकतो ना, तसंच. पण हृदयाच्या अरुंद नळीत किंवा स्टेंटवर त्या अशाच चिकटल्या, तर गुठळी होते आणि झटका येतो. म्हणून डॉक्टर अ‍ॅस्पिरिन देतात. तिनं रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. प्लेटलेटची चिकटायची ताकद कमी होते, एवढंच. एकदा अ‍ॅस्पिरिन लागलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते, आणि ती आठ-दहा दिवस जगते. म्हणून गोळी थांबवली तरी तिचा परिणाम आठवडाभर हळूहळू ओसरत राहतो.

गिंकोच्या पानातही एक पदार्थ असतो, गिंकोलाइड. शरीरात प्लेटलेटना 'या गं, जमा व्हा' अशी हाक मारणारे काही निरोप असतात. त्यातला एक निरोप हा पदार्थ अडवतो. म्हणजे अ‍ॅस्पिरिननं पोती चिकटेनाशी केली आणि गिंकोनं पोती आणायला सांगणारीची एक हाक दाबली. दोन्ही एकत्र आल्या तर रक्त थांबायला वेळ लागेल, अशी शंका डॉक्टरांना आली ती यामुळे.

नुसतीच शंका नाही. अमेरिकेतल्या एका माणसाची हकिकत तिथल्या वैद्यकीय मासिकात १९९७ साली छापून आली. तो ७० वर्षांचा. हृदयाचं बायपास ऑपरेशन झालेलं, म्हणून रोज ३२५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन घ्यायचा. ती वर्षानुवर्षं निभावली होती. मग त्यानं गिंकोची ४० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली. आठवड्याभरात त्याला एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं. डोळ्याच्या आत, बुबुळाच्या पुढच्या भागात रक्त आलं होतं. मार लागला नव्हता, काही नाही. त्यानं गिंको बंद केली आणि अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवली. पुढचे तीन महिने बघितलं, रक्त परत आलं नाही.

आता मैत्रिणींनो, एका माणसाचं झालं म्हणून सगळ्यांचं होतंच, असं म्हणता येत नाही. २००७ साली छापलेल्या एका अभ्यासात वयस्क माणसांना चार आठवडे अ‍ॅस्पिरिनबरोबर गिंको देऊन प्लेटलेट तपासल्या. नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपेक्षा वेगळं काही आढळलं नाही. मघाच्या त्या सहा वर्षांच्या परीक्षेतही मोठ्या रक्तस्रावांत ठोस फरक निघाला नाही. मेंदूत रक्तस्राव झालेले गिंकोच्या बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला ८ होते, पण तीन हजारांत एवढ्या थोड्या माणसांवरून खात्रीनं बोट दाखवता येत नाही. म्हणजे दोन्ही गोळ्या घेतल्या की रक्त वाहायला लागतंच, असं नाही. बहुतेकांना काहीच होत नाही.

मग आम्ही एवढं का बोलतोय? कारण त्या अभ्यासांतली माणसं तपासून घेतलेली होती, त्यांची गोळी एकाच खात्रीच्या कारखान्यातली होती आणि वरचेवर कोणीतरी त्यांना विचारत होतं. आपल्या घरातली म्हातारी माणसं तशी नसतात. अ‍ॅस्पिरिनबरोबर कोणाला क्लोपिडोग्रेल असते, कोणाला वॉरफरिन असते, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तर जवळपास घरोघरी असते. एकावर एक अशी तीन-चार ओझी चढतात. आणि ज्या गोळीनं विसरणं अडत नाही असं दिसलंय, तिच्यासाठी थोडाही धोका का घ्यायचा? हा साधा हिशेब आहे.

आता परत आत्यांच्या घरी जाऊ. थोरला मुलगा अ‍ॅस्पिरिन बंद करा म्हणाला. पण सुनेला दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलेलं आठवलं, की ही गोळी विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. तिनं आशाताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, "आधी आत्यांना बसवा, आडवं करू नका. मान जरा पुढं झुकवा. नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट धरा, तोंडानं श्वास घेऊ द्या, आणि दहा-पंधरा मिनिटं मध्ये सोडून बघू नका." आपल्याकडे मान मागं टाकतात, कांदा हुंगवतात. मान मागं टाकली की रक्त घशात उतरतं, मग मळमळतं, उलटी होते. या घरातही आधी तेच चाललं होतं, आणि दर दोन मिनिटांनी नाक सोडून बघत होते. नीट धरल्यावर रक्त थांबलं.

ताईंनी दुसरी गोष्ट सांगितली. "घरात आत्या घेतात ती प्रत्येक गोळी, पूड, चूर्ण, काढा, सगळं एका पिशवीत घाला आणि पिशवीसकट दवाखान्यात चला. औषध असो नसो, सगळं."

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी ती पिशवी टेबलावर उलटी केली. अ‍ॅस्पिरिन, साखरेची मेटफॉर्मिन, बीपीची गोळी. गिंकोची डबी. आणि डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या. आत्या गुडघ्यासाठी त्या मेडिकलमधून आणायच्या, कोणाला न सांगता. डॉक्टरांनी विचारलं, "या रोज घेता?" आत्या म्हणाल्या, "रोज कुठं, दुखलं की घेते." सून म्हणाली, "आत्या, तुमचं दुखणं रोजच असतंय की." डायक्लोफिनॅकनंही प्लेटलेटची चिकटायची ताकद काही वेळ कमी होते, शिवाय पोटात जखम होऊ शकते. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला ती आली की पोटातल्या रक्तस्रावाचा धोका चांगलाच वाढतो.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, रक्त तपासलं. प्लेटलेटची संख्या चांगली होती. त्यांनी गिंको आणि डायक्लोफिनॅक दोन्ही थांबवल्या. गुडघ्याला पॅरासिटामॉल ठरवून दिली आणि शेकायला सांगितलं. अ‍ॅस्पिरिन मात्र त्याच रात्री जेवणानंतर घ्यायला लावली. थोरल्या मुलानं विचारलं, "डॉक्टर, रक्त येतंय आणि रक्ताचीच गोळी चालू?" डॉक्टर म्हणाले, "नाकातलं रक्त आपण चिमटीत धरून थांबवलं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती चिमटीत धरता येणार नाही."

सुनेनं एक प्रश्न विचारला, तो आम्हाला फार आवडला. "यातल्या कोणत्या गोळीनं झालं हे?" डॉक्टरांनी खरं उत्तर दिलं. दोन्ही एकदम बंद केल्यात, त्यामुळे दोष नेमका कोणाचा ते सांगता येणार नाही. पण या दोन्हींवाचून आत्यांचं अडणार नाही, आणि अ‍ॅस्पिरिनवाचून अडेल. तीनएक आठवड्यांत हातावरचे डाग गेले. घोळणा परत फुटला नाही.

आणि विसरण्याचं काय? ते तर राहिलंच होतं. डॉक्टरांनी बी बारा जीवनसत्त्व तपासलं, ते खूप कमी निघालं. आत्या माळकरी, मांस-मासे-अंडी नाहीत. त्यात मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी बारा कमी होऊ शकतं. बी बारा कमी पडलं की विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो. हे भरून काढता येतं. आत्यांना इंजेक्शनं सुरू झाली. थायरॉइडही तपासला, तो ठीक होता. कानाच्या डॉक्टरांनी कानातला मळ काढला. चार महिन्यांनी आत्या पहिल्यासारख्या झाल्या असं सून म्हणत नाही. नातवंडांची नावं अजून चुकतात. पण मीठ दोनदा पडत नाही आणि डेअरीचा हिशेब त्या परत स्वतः सांगतात. डबीवर समाधान मानून बसले असते, तर बी बारा कोणी तपासलंच नसतं. विसरणं वाढलं की आधी कारण शोधायचं, हे त्या घरानं आता धरून ठेवलंय.

आता तुमच्यापैकी कोणाच्या घरी आज, आत्ता, अ‍ॅस्पिरिन आणि गिंको दोन्ही चालू असतील तर घाबरू नका. गिंको आजपासून थांबवली तर काही बिघडत नाही. आपल्या मनानं अ‍ॅस्पिरिन थांबवू नका. पुढच्या फेरीला डॉक्टरांना सांगा की इतके दिवस ही डबी घेत होतो. ती लिहून दिली असेल डॉक्टरांनीच, तर मात्र त्यांना विचारूनच ठरवा, आणि अ‍ॅस्पिरिनही चालू आहे याची आठवण करून द्या. मोतीबिंदूच्या शिबिराला जायचं असेल, दाढ काढायची असेल, कसलंही ऑपरेशन असेल, तर गिंको दोन आठवडे आधीच बंद हवी. अ‍ॅस्पिरिन थांबवायची का, हे ऑपरेशन करणारे डॉक्टर ठरवतील.

काही खुणा मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलायच्या नाहीत. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली, तर पोटात रक्त जातंय असं समजा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. तरी शंका आली की दाखवाच. रक्ताची उलटी झाली, पंधरा-वीस मिनिटं नीट धरूनही नाकातलं रक्त थांबलं नाही, एका डोळ्यानं अचानक धूसर दिसायला लागलं, एकाएकी भयंकर डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, तर १०८ ला फोन लावा. आणि अ‍ॅस्पिरिन घेणारं म्हातारं माणूस पडून डोक्याला मार लागला, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आतलं रक्त हळूहळू साचतं, ते बाहेरून कळत नाही.

शेवटी धाकट्या मुलाबद्दल. पुण्याहून तो फोनवर रडकुंडीला आला होता, "माझ्यामुळे झालं" म्हणून. आत्यांनीच त्याला समजावलं, "अरे, तू मायेनंच आणलीस. पुढच्या वेळी आणताना तुझ्या वहिनीला आणि डॉक्टरला एकदा विचार, एवढंच." सुनेनं आता दाराच्या मागं खिळ्याला ती कापडी पिशवी अडकवून ठेवलीय. घरात नवी गोळी आली की पहिल्यांदा पिशवीत जाते, आणि पिशवी दवाखान्यात जाऊन आल्यावरच गोळी तोंडात जाते.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या म्हाताऱ्या माणसाची अशी पिशवी भरून आणा. आशाताईंना बोलवा आणि सगळ्या मिळून डब्यांवरची बारीक अक्षरं वाचा. काय काय सापडलं ते आम्हाला कळवा. येतो आम्ही. नमस्कार.